ड्रायरला वेळ जास्त लागतोय? आधी पाइप बघा

न्यू जर्सीत एका मराठी कुटुंबाच्या घरी ड्रायर बघायला गेलो होतो. टॉवेल दोनदा फिरवूनही ओलेच राहत होते.

जाळी स्वच्छ होती. मात्र बाहेरच्या भिंतीवरची झडप जेमतेम उघडत होती, कारण मागचा पाइप लिंटने भरला होता.

लिंट म्हणजे कपड्यांचे सुटलेले बारीक तंतू. जाळीतून निसटलेले तंतू पाइपात साचतात, गरम हवा अडते, मशीन तापते आणि हे कोरडे तंतू पटकन पेट घेतात.

जाळी प्रत्येक वेळी साफ करा. पाइप वर्षातून एकदा, लांब किंवा वळणांचा असेल तर त्याहून लवकर. प्लॅस्टिकचा पाइप असल्यास धातूचा बसवा.