पासबुकातल्या २४१ रुपयांचा हिशोब

साताऱ्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांचं जुनं पासबुक त्यांच्या नातवाच्या हाती लागलं, तेव्हा ३० जून २००९ च्या ओळीवर दोघेही अडले. जमेच्या रकान्यात २४१ रुपये होते आणि तपशिलात इंग्रजी अक्षरांत ‘इंट’ एवढंच छापलेलं होतं. आजोबांना इतकी वर्षं वाटत होतं, की तो महागाई भत्त्याचा फरक असावा. नातू म्हणाला, “आजोबा, हे व्याज आहे. पण तुमच्या खात्यात तर अठरा हजार दिसतायत. साडेतीन टक्क्यांनी सहा महिन्यांचे तीनशेच्या वर व्हायला हवेत. मग २४१च का?”

या प्रश्नाचं उत्तर त्याच पासबुकात आहे. मात्र त्यासाठी तारखा बघाव्या लागतात.

त्या काळी बचत खात्याचा व्याजदर रिझर्व्ह बँक ठरवून देत असे. मार्च २००३ पासून मे २०११ च्या सुरुवातीपर्यंत तो सगळीकडे साडेतीन टक्के होता. मात्र हे व्याज खात्यात रोज असलेल्या रकमेवर मिळत नसे. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक राहिली असेल, तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज धरलं जाई. अशा महिन्यांची बेरीज करून बँका साधारण सहा महिन्यांनी व्याज जमा करत.

आजोबांचा जानेवारी २००९ बघा. महिन्याच्या सुरुवातीला खात्यात १२,००० रुपये होते. २ तारखेला ६,००० रुपये पेन्शन जमा झालं आणि शिल्लक १८,००० झाली. १२ तारखेला त्यांनी घरखर्चाला ५,५०० रुपये काढले, उरले १२,५००. नातवाच्या डोळ्यात भरले ते अठरा हजार, पण बँकेने धरले १२,५००, कारण १० तारखेनंतरची सर्वांत कमी शिल्लक तीच होती. पेन्शनचे साडेपाच हजार दहा दिवस खात्यात राहूनही त्यांच्यावर एक पैसाही व्याज मिळालं नाही.

पुढचे पाच महिने याच चालीचे आहेत. पेन्शन दहा तारखेच्या आत येई आणि त्यानंतर आजोबा साडेपाच हजार काढत. त्यामुळे दर महिन्याची किमान शिल्लक पाचशेने वाढत गेली: १२,५००, १३,०००, १३,५००, १४,०००, १४,५०० आणि १५,०००. सगळ्यांची बेरीज ८२,५०० होते. तिला साडेतीनने गुणून १,२०० ने भागलं, की २४० रुपये ६२ पैसे येतात. पूर्ण रुपयात २४१. नातवाने मोबाइलवर हा हिशोब केला आणि छापलेल्या आकड्याशी तो जुळला.

“म्हणजे मी पैसे नवव्या तारखेला काढले असते, तर?” आजोबांनी विचारलं.

काही फरक पडला नसता; तेव्हाही किमान शिल्लक १२,५०० च राहिली असती. फायदा व्हायचा तो महिनाअखेरपर्यंत पैसे न काढण्यात. उलट पेन्शन १० ऐवजी ११ तारखेला जमा झालं असतं, तर त्या महिन्यात ते व्याजासाठी धरलंच गेलं नसतं.

हा नियम १ एप्रिल २०१० पासून बँकांसाठी बदलला. तेव्हापासून दिवसअखेरीला जेवढी शिल्लक असेल, तेवढ्यावर त्या दिवसाचं व्याज मोजलं जातं. आजोबांची सवय तीच राहिली, तरी पेन्शनच्या त्या दहा दिवसांचे दरमहा पाचेक रुपये, म्हणजे सहामाहीला तीसेक रुपये त्यांना वाढून मिळू लागले. पोस्टाच्या बचत खात्याला मात्र १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिल्लकीचा नियम आजही लागू आहे आणि तिथे व्याज आर्थिक वर्षाच्या शेवटी एकदाच जमा होतं. पोस्टात पैसे ठेवणाऱ्याने १० तारीख लक्षात ठेवलेली बरी.

असा ताळा २०११ नंतरच्या पानांवर इतक्या सहज जुळत नाही. ३ मे २०११ रोजी दर चार टक्के झाला, म्हणजे त्या सहामाहीत दोन दर आले. २५ ऑक्टोबर २०११ पासून तर बचत खात्यावरचा दर ठरवायची मोकळीक बँकांनाच मिळाली. त्यानंतरच्या व्याजासाठी त्या त्या बँकेचा त्या वेळचा दर माहीत असावा लागतो.

पासबुकाच्या शेवटच्या पानावर आणखी एक गोष्ट होती. आजोबा २०१२ मध्ये मुलाकडे पुण्याला आले आणि पेन्शन तिकडच्या शाखेत वळवून घेतलं. जुन्या खात्यातून त्यांनी ऑगस्ट २०१२ मध्ये शेवटचे पैसे काढले. पासबुकातली शेवटची ओळ मात्र ३१ डिसेंबर २०१२ च्या व्याजाची आहे. नातवाने शेवटचा व्यवहार डिसेंबरचा धरला, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. बँकेने स्वतःहून जमा केलेलं व्याज हा खातेदाराचा व्यवहार मानला जात नाही. खातेदाराने पैसे भरले, काढले, पाठवले किंवा त्याच्यासाठी कुणी जमा केले, तर खातं चालू समजतात. म्हणून मोजणी ऑगस्टपासून सुरू होते. दोन वर्षं असा व्यवहार नसला, की खातं निष्क्रिय ठरतं.

निष्क्रिय खात्यावरही बचतीचं व्याज मिळत राहतं. पासबुकात ते दिसत नाही, कारण पासबुक छापून घ्यायला कुणी गेलेलंच नसतं. पण दहा वर्षं खातं वापरलं गेलं नाही, तर बँकेला ती रक्कम व्याजासह रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत भरावी लागते. हा निधी २०१४ मध्ये सुरू झाला. आजोबांच्या खात्याची दहा वर्षं ऑगस्ट २०२२ मध्ये भरली.

पैसे निधीत गेले तरी खातेदाराचा हक्क संपत नाही. ११ मे २०२१ पासून निधीतल्या रकमेवर वर्षाला तीन टक्के सरळ व्याज आहे. निधीत जाताना खात्यात ५,५०० रुपये असतील, तर वर्षाला १६५ रुपये वाढतात. दावा रिझर्व्ह बँकेकडे नव्हे, आपल्याच बँकेकडे करायचा असतो. बँक खातेदाराला पैसे देते आणि नंतर निधीतून ते परत घेते.

पासबुकच सापडत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या udgam.rbi.org.in या संकेतस्थळावर शोध घेता येतो. नाव, बँक आणि पॅन किंवा जन्मतारखेसारखा एखादा तपशील तिथे द्यावा लागतो. सगळ्या बँका त्यावर नाहीत, त्यामुळे तिथे नाव दिसलं नाही म्हणून पैसे नाहीतच असं समजू नये. बँक विलीन झाली असेल, तर नव्या बँकेत जायचं. देना बँकेची खाती, उदाहरणार्थ, एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदाकडे आहेत.

आजोबा आणि नातू शाखेत गेले ते जुनं पासबुक, आधार, पॅन आणि फोटो घेऊन. केवायसीचा अर्ज भरताना नातवाने ऑगस्ट २०१२ पासूनचा खातेउताराही मागितला. खातं पुन्हा चालू करायला बँकेला शुल्क घेता येत नाही आणि निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावता येत नाही. पण खातं निष्क्रिय ठरण्याआधीच्या दोन वर्षांत काही कापलं गेलं का, आणि दर सहामाहीचं, पुढे तिमाहीचं व्याज खरंच पडलं का, हे उताऱ्यातच कळतं. एखाद्या तिमाहीची व्याजाची ओळ गाळलेली दिसली, तर त्या तारखेचा उल्लेख करून शाखेकडे लेखी अर्ज द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करताना हीच पोच जोडावी लागते.