खोक्यावर ‘एचडीआर’ लिहिलंय, पण पडद्यावर दिसतं का?

समजा, तुम्ही घरून हातकामाचे दागिने विकायला सुरुवात केली आहे. फोटो तुम्हीच काढता, छोटे व्हिडिओही तुम्हीच एडिट करता. लॅपटॉपचा पडदा लहान पडतो, म्हणून मॉनिटर घ्यायला दुकानात गेलात. समोर सारख्याच आकाराचे दोन मॉनिटर आहेत. एकावर ‘एचडीआर१०’ असं स्टिकर आहे आणि तो दोन हजारांनी महाग आहे. दुकानदार म्हणतो, “ताई, एचडीआर घ्या, कलर एकदम भारी दिसतात.” मग हे दोन हजार द्यायचे की नाही?

उत्तर देण्याआधी एचडीआर म्हणजे काय ते बघू. हाय डायनॅमिक रेंज म्हणजे एकाच चित्रात खूप उजळ आणि खूप काळोखा भाग, दोन्ही खऱ्यासारखे दिसणं. अंधाऱ्या देवघरात समई पेटलेली आहे असं समजा. ज्योत डोळ्यांत भरली पाहिजे आणि त्याच वेळी मागची भिंत काळोखातच राहिली पाहिजे. म्हणजे पडद्याकडे दोन गोष्टी हव्यात: भरपूर उजेड आणि खरा काळा रंग.

आता स्टिकरकडे या. ‘एचडीआर१०’ हे व्हिडिओच्या सिग्नलच्या एका पद्धतीचं नाव आहे. मॉनिटरवर ‘एचडीआर१० सपोर्ट’ लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की असा सिग्नल आला तर तो घेतो, नाकारत नाही. तो सिग्नल नीट दाखवण्याइतका उजेड त्या पडद्यात आहे का, याबद्दल स्टिकर काहीच सांगत नाही. कुरिअरवाल्याकडून पार्सल घेऊन सही केली, म्हणजे आतलं मशीन चालवायला घरात तेवढी वीज आहे असं होत नाही ना? तसंच हे आहे. ‘एचडीआर रेडी’ या शब्दांचंही तेच.

चला, गणित करून बघू. पडद्याचा उजेड ‘निट्स’मध्ये मोजतात. स्वस्त मॉनिटरच्या माहितीपत्रकात बऱ्याचदा २५० निट्स आणि कॉन्ट्रास्ट १०००:१ असं लिहिलेलं असतं. कॉन्ट्रास्ट म्हणजे पांढरा रंग काळ्यापेक्षा किती पट उजळ आहे ते. २५० ला १००० ने भागा. ०.२५ निट्स आले. म्हणजे पूर्ण उजेडावर त्या पडद्याचा ‘काळा’ रंगसुद्धा ०.२५ निट्स उजेड देतो. रात्री खोलीतला दिवा बंद केलात, तर हा काळा राखाडी दिसतो.

आता आपल्या समईच्या व्हिडिओत ज्योत १००० निट्सची आणि मागची भिंत ०.०५ निट्सची ठेवली आहे असं धरा. आपला मॉनिटर ज्योत २५० च्या वर नेऊ शकत नाही. भिंत ०.२५ च्या खाली नेऊ शकत नाही, म्हणजे ती हवी त्यापेक्षा पाचपट उजळ दिसते. वरचा भाग कापला गेला, खालचा फिका पडला. मधला जो भाग उरला, तो साध्या मॉनिटरवरही दिसतच होता. मग जादाचे दोन हजार कशाचे दिले?

असं का होतं? एलसीडी पडद्याच्या मागे दिव्यांचा उजेड असतो आणि पुढचं पॅनल तो अडवतं. पॅनल पूर्ण उजेड अडवू शकत नाही, थोडा झिरपतोच. उपाय एकच, चित्र जिथे काळं आहे तिथला मागचा दिवाच मंद करायचा. याला लोकल डिमिंग म्हणतात. त्यासाठी मागचे दिवे वेगवेगळ्या भागांत, म्हणजे झोनमध्ये, विभागावे लागतात आणि त्याला पैसे लागतात. स्वस्त मॉनिटरमध्ये सगळा पडदा मिळून एकच झोन असतो. ज्योतीसाठी उजेड वाढवला की भिंतीचाही वाढतो. ओलेड पडद्यात हा प्रश्नच नाही, कारण तिथे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो.

“पण सर, माझ्या मॉनिटरवर सर्टिफिकेट आहे!” चांगली गोष्ट आहे, पण कुठलं ते बघा. व्हेसा या संस्थेने २०१७ च्या डिसेंबरमध्ये ‘डिस्प्लेएचडीआर’ नावाचे दर्जे आणले. सर्वांत खालचा दर्जा ४००, म्हणजे कमाल उजेड ४०० निट्स. या दर्जाला लोकल डिमिंगची सक्ती नाही. १०००:१ कॉन्ट्रास्टचा साधा पॅनल थोडा जास्त उजळ केला की मूळच्या नियमांत तो पास होत होता. २०२४ मध्ये व्हेसाने नियम कडक केले, रंगांची आणि काळ्याची अट वाढवली. तरी ४०० हा तळाचाच दर्जा आहे. ६०० पासून फरक जाणवायला लागतो, १००० मध्ये तो ठळक असतो. ओलेडसाठी ‘ट्रू ब्लॅक’ नावाचे वेगळे दर्जे आहेत. म्हणून ‘४००’ आणि ‘ट्रू ब्लॅक ४००’ एकच समजू नका. आकडा सारखा असला तरी दुसऱ्यात काळा खरोखर काळा असतो.

आता धंद्याचा मुद्दा. हे स्टिकर नुसतं निरुपयोगी असतं तर दोन हजार गेले म्हणून सोडून दिलं असतं. पण ते कामही बिघडवू शकतं. तुम्ही विंडोजमध्ये `Use HDR` चालू ठेवलंत, तर अशा मॉनिटरवर साधे फोटो फिके, धुतल्यासारखे दिसू शकतात. त्यात अनेक मॉनिटर एचडीआर मोडमध्ये ब्राइटनेस आणि रंगांची बटणं लॉक करून टाकतात. तुम्हाला वाटतं, फोटोच फिका आलाय. तुम्ही कॉन्ट्रास्ट वाढवता, सावल्या गडद करता, हार छान दिसायला लागतो. फोटो व्हॉट्सअॅपवर जातो आणि गिऱ्हाईकाच्या मोबाइलवर मण्यांमधलं बारीक काम काळ्यात बुडून जातं, लाल रंग मरून दिसतो. मग वस्तू हातात आल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, “फोटोत वेगळाच रंग होता.” परत पाठवण्याचा खर्च तुमच्याच माथी.

घरी असा मॉनिटर आधीच असेल, तर `Win + Alt + B` दाबा. विंडोजमध्ये याने एचडीआर चालू-बंद होतं. बंद केल्यावर फोटो जास्त भरीव दिसला, तर एडिटिंग बंद ठेवूनच करा.

दुकानात असाल तर एक सोपी परीक्षा घ्या. एचडीआर चालू करायला सांगा, पूर्ण काळं चित्र लावा आणि त्यावर माउसचा पांढरा बाण फिरवा. बाणाभोवतीच थोडा उजेड त्याच्याबरोबर फिरताना दिसला, तर झोन आहेत. सगळा पडदा सारखाच राखाडी राहिला, तर झोन नाहीत. बाणाभोवती काहीच न उजळता बाकीचा पडदा गडद काळा राहिला, तर ओलेड आहे. शक्य असेल तर तिथले दिवे कमी करायला लावा, झगझगाटात सगळेच पडदे काळे दिसतात. सर्टिफिकेटचा दावा खरा आहे का हे `displayhdr.org` वर मॉडेलचं नाव शोधून तपासता येतं.

तर मग काय घ्यायचं? फोटो, कॅटलॉग, रील्स आणि हिशेब एवढंच काम असेल, तर एचडीआरचं स्टिकर विसरा. तेच दोन हजार अशा आयपीएस मॉनिटरवर घाला, ज्याच्या माहितीपत्रकात एसआरजीबी ९५ टक्के किंवा जास्त लिहिलंय. तुमच्या कामाचे फोटो बहुतेक त्याच रंगांच्या हद्दीत असतात. लग्नाचे एचडीआर व्हिडिओ बनवून विकणं हाच तुमचा धंदा असेल, तर मात्र ओलेड किंवा भरपूर झोनचा मिनी एलईडी घ्यावा लागेल. त्याचं बजेट वेगळं आणि त्याचा खर्च तुमच्या दरात धरा.

उद्या दुकानदार “एचडीआर आहे” म्हणाला, की त्याला तीनच प्रश्न विचारा: निट्स किती, झोन किती, सर्टिफिकेट कुठल्या दर्जाचं? तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर साधा मॉनिटर समजूनच भाव करा.