दर खेपेला एकच ठिपका

एक गिगाहर्ट्झचा विद्युत संकेत एका सेकंदात शंभर कोटी वेळा वरखाली होतो. त्याची एक फेरी एका नॅनोसेकंदात आटोपते. तिचा आकार नीट रेखायचा, तर फेरीत शंभरेक ठिपके हवेत. म्हणजे दर १० पिकोसेकंदांनी व्होल्टेज मोजायला हवे. इतक्या वेगाने मोजणारे उपकरण फार महाग पडते. मात्र संकेत तोच तो पुन्हा येत असेल, तर सगळे ठिपके एकाच फेरीतून घेण्याची गरज नाही.

नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीचे संशोधक यान्सेन यांनी १९५० साली याच तत्त्वावरचा प्रायोगिक ऑसिलोस्कोप मांडला. त्याला त्यांनी ‘स्ट्रोबोस्कोपिक’ म्हटले, कारण लुकलुकत्या दिव्याखाली वेगाने फिरणारे चाक संथ दिसते, तसाच हा प्रकार.

आतली युक्ती सुरेख आहे. ट्रिगर मिळताच एक व्होल्टेज सरळ रेषेत झपाट्याने चढू लागते. दुसरे व्होल्टेज जिन्याच्या पायरीसारखे एका पातळीवर थांबलेले असते. चढते व्होल्टेज त्या पातळीला भिडले, की डायोडचे दार क्षणभर उघडते आणि एक नमुना आत येतो. मग पायरी थोडी वर सरकते. पुढच्या खेपेला तिथे पोहोचायला १० पिकोसेकंद जास्त लागतात आणि नमुनाही तेवढाच उशिरा घेतला जातो.

दोन नमुन्यांमध्ये १० मायक्रोसेकंदांचे अंतर ठेवले, तर मधल्या दहा हजार फेऱ्या न पाहताच निघून जातात. तेवढ्या वेळात नमुना निवांत मोजता येतो. शंभर नमुन्यांना एक मिलिसेकंद लागतो आणि पडद्यावर एका नॅनोसेकंदाची पूर्ण फेरी उभी राहते.

ठिपके वाढवले की तपशील वाढतो, असे मात्र नाही. ते डायोडचे दार किती थोडा वेळ उघडे राहते यावर ठरते. त्या वेळेपेक्षा चपळ बदल पुसटच होतात, ठिपके शंभर घ्या की हजार.

दुसरी अडचण ट्रिगरच्या डळमळण्याची. समजा, संकेत १०० पिकोसेकंदांत शून्यावरून एक व्होल्टवर चढतो. तिथे वेळेत ५ पिकोसेकंदांची चूक झाली, की व्होल्टेज ५० मिलिव्होल्टने चुकते. सपाट माथ्यावर तीच चूक दिसतही नाही. म्हणून चढती कड जाड, फुगीर आणि माथा बारीक दिसला, तर संकेतातल्या गोंगाटाला दोष देण्याआधी ट्रिगर तपासावा.

या पद्धतीची खरी मर्यादा मात्र कोणत्याही दुरुस्तीने जात नाही. चित्र हजारो फेऱ्यांमधून जुळवलेले असते. त्यामुळे एकदाच येऊन गेलेला झटका त्यात बहुधा सापडत नाही. सापडलाच तर एखादा भरकटलेला ठिपका म्हणून. सर्किट दिवसातून एकदाच अडखळत असेल, तर त्याचे कारण या उपकरणात शोधू नका. त्यासाठी एका दमात सगळे टिपणारा ‘रिअल-टाइम’ ऑसिलोस्कोपच घ्यावा लागतो.