गाणी राहू द्या, कॅशे जाऊ द्या

करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. कोकण रेल्वेने गावी निघणारा माणूस आदल्या रात्रीच गाणी डाउनलोड करून ठेवतो ते त्यामुळेच. नेमकं तेव्हाच फोन ‘जागा भरली’ म्हणतो आणि घाईघाईत भलतंच बटण दाबलं जातं.

अँड्रॉइड फोनवरच्या स्पॉटिफायचं उदाहरण घेऊ. त्याने व्यापलेल्या जागेत दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे प्रीमियम घेतल्यावर आपण मुद्दाम डाउनलोड केलेल्या याद्या. दुसरी कॅशे. नेटवरून गाणं ऐकताना ते अडखळू नये म्हणून अ‍ॅप त्याचे तुकडे आणि कव्हरची चित्रं स्वतःहून साठवतं. हा साठा पुसला तरी बिघडत काही नाही, पुढच्या वेळी थोडा जास्त डेटा लागतो इतकंच.

पुसायचं मात्र अ‍ॅपच्याच सेटिंग्जमधून. तिथे Storage या भागात डाउनलोड आणि कॅशे यांचे आकडे वेगवेगळे दिसतात. Clear cache दाबलं की फक्त कॅशे जाते. जवळच असलेलं Remove all downloads मात्र सगळ्या याद्या काढतं. फोनच्या सेटिंग्जमधलं Clear storage (काही फोनवर Clear data) तर त्याहून घातक: डाउनलोड जातात आणि लॉगिनही जातं. ‘फोन साफ करून देतो’ म्हणणारी अ‍ॅपंही कधीकधी डाउनलोड उडवतात, म्हणून ती मी टाळायलाच सांगेन.

कॅशे पुन्हा वाढते, तेव्हा खरी बचत डाउनलोडच्या दर्जात आहे. समजा, चार मिनिटांची ५०० गाणी आहेत. ३२० केबीपीएस दर्जाला एक गाणं साधारण साडेनऊ एमबी होतं, म्हणजे यादी ४.८ जीबीची. १६० वर तीच यादी निम्मी, २.४ जीबी. गाडीच्या खडखडाटात साध्या इयरफोनवर हा फरक क्वचितच कळेल. आधीची गाणी लहान व्हावीत यासाठी यादी काढून वायफायवर पुन्हा उतरवून घ्यावी.

फोनमध्ये मेमरी कार्ड असेल तर त्याच Storage भागात डाउनलोडची जागा बदलता येते. गाण्यांच्या फायली फाइल मॅनेजरने हाताने हलवू नयेत, अ‍ॅपला त्या सापडत नाहीत. कार्ड काढलं की गाणी गेली, आणि दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी ती वाजत नाहीत, कारण फायली कुलूपबंद असतात. आयफोनला कार्डाची सोयच नाही.

सगळं झाल्यावर विमान मोड लावून यादीतली दोन-तीन गाणी सुरू करून पाहा. ती वाजली तर डाउनलोड शाबूत आहेत. तरीही तीस दिवसांत एकदा अ‍ॅप ऑनलाइन यावं लागतं, नाहीतर डाउनलोड केलेली गाणीही बंद पडतात.