रिमेंबरिंग टोबा टेक सिंग (व्हिडिओ मांडणशिल्प)

'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' हे भारतीय चित्रकार नलिनी मलानी यांचे १९९८-९९ मधील व्हिडिओ मांडणशिल्प आहे. ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) मांडण्यात आले होते. मलानी यांचा जन्म १९४६ साली कराचीत झाला; फाळणीनंतर त्यांचे कुटुंब भारतात आले. त्यांचे कलाशिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात झाले.

पार्श्वभूमी

मे १९९८ मध्ये भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या. त्या घटनेला उत्तर म्हणून मलानी यांनी सआदत हसन मंटो यांच्या 'टोबा टेक सिंग' या उर्दू कथेचा आधार घेतला. फाळणीनंतर वेड्यांच्या इस्पितळांतील रुग्णांचीही देवाणघेवाण होते. बिशन सिंग हा रुग्ण सरहद्द ओलांडण्यास नकार देतो आणि दोन्ही देशांच्या मधल्या, कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर कोसळतो, असे तिचे कथानक आहे.

मांडणी

समोरासमोरच्या दोन भिंतींवर एकेक स्त्री दिसते. दोघी मिळून एक साडी घडी करू पाहतात; पण त्यांच्यामध्ये संपूर्ण दालनाचे अंतर असल्याने घडी जमत नाही. अणुस्फोटांची चित्रणे स्वतंत्र पडद्यावर चालतात. जमिनीवर पत्र्याच्या १२ ट्रंका ठेवलेल्या असून प्रत्येकीत एक मॉनिटर आहे. निर्वासितांनी आपला संसार ज्यात भरला, तीच ही ट्रंक. बिशन सिंगची निरर्थक बडबड ध्वनीच्या रूपाने ऐकू येते.

प्रेक्षकाचे स्थान

सुमारे २० मिनिटांचे हे चित्रण पुनःपुन्हा चालत राहते. त्यामुळे आत येणाऱ्याला बहुधा मधूनच सुरुवात करावी लागते. याहून महत्त्वाची बाब जागेची आहे. एका स्त्रीकडे पाहणाऱ्याची पाठ आपोआप दुसरीकडे होते, आणि ट्रंकेत डोकावायचे तर मान खाली घालून दोघींनाही सोडावे लागते. सगळे एकदम दिसेल अशी जागा दालनात नाही. शिवाय प्रेक्षक उभा असतो तो नेमका दोघींच्या मध्ये, म्हणजे बिशन सिंग जिथे कोसळला त्या जमिनीवर. कथेतील सरहद्द येथे चितारलेली नाही. ती प्रेक्षकाच्या पायाखाली येते.

म्हणूनच या कलाकृतीचे छायाचित्र फसवे ठरते. त्यात एक भिंत आणि काही ट्रंका येतात, परंतु पाठीमागची स्त्री आणि आवाज निसटतो. केवळ छायाचित्रावरून केलेल्या वर्णनात साडीची घडी हा एका पडद्यावरचा साधा प्रसंग वाटतो. दोन्ही चित्रणे एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी दाखवली, तरी हाच घोटाळा होतो: साडी दिसते, पण ती घडी का होत नाही हे कळत नाही, कारण मधले अंतरच नाहीसे झालेले असते. पुनर्मांडणीत दालन अरुंद मिळाले, तर तेवढ्या प्रमाणात हा परिणाम उणावतो. त्यामुळे अशा कृतीच्या नोंदीत कालावधी आणि पडद्यांच्या संख्येबरोबर पडद्यांमधील अंतर, तसेच प्रेक्षकाचा प्रवेश कोठून होतो, हेही नमूद करावे लागते.