परदेशी शिक्षण कर्ज

परदेशी शिक्षण कर्ज म्हणजे भारताबाहेरील विद्यापीठात शिकण्यासाठी विद्यार्थी व त्याचे पालक यांनी बँकेकडून संयुक्तपणे घेतलेले कर्ज. भारतीय बँकांचे असे कर्ज रुपयांत दिले जाते. शुल्क मात्र परकीय चलनात भरावे लागते आणि पुढे परतफेडही बहुधा परकीय चलनातील पगारातून होते. त्यामुळे या कर्जाचा भार व्याजदराइतकाच विनिमय दरावरही अवलंबून असतो.

तारण

भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार ७.५ लाख रुपयांपेक्षा अधिक कर्जासाठी मालमत्तेचे तारण घेतले जाते. घर, सदनिका, बिगरशेती भूखंड, मुदत ठेव किंवा आयुर्विमा पॉलिसी ही तारणाची नेहमीची रूपे होत. शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा स्वीकारत नाहीत. याचे कारण २००२ च्या सरफेसी कायद्यात आहे. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा जो अधिकार हा कायदा बँकेला देतो, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणूनच सातबाऱ्यावर कित्येक एकर जमीन असलेल्या कुटुंबालाही गावातील किंवा शहरातील घर गहाण ठेवावे लागते.

हप्ता ९० दिवसांहून अधिक थकल्यास खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर बँक ६० दिवसांची नोटीस देऊ शकते व ती मुदत संपल्यावर तारणाचा ताबा घेऊ शकते. विद्यार्थी परदेशी असला तरी ही कारवाई इथल्या घरावर होते, आणि सहकर्जदार पालकांची पतनोंदही बिघडते.

विनिमय दराची जोखीम

रुपयाच्या घसरणीचा परिणाम कर्जाच्या दोन टप्प्यांत परस्परविरुद्ध होतो. हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. अमेरिकेतील दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला ५०,००० डॉलर लागतात आणि मंजुरीच्या वेळी डॉलरचा दर ८० रुपये आहे, असे मानू. बँक ४० लाख रुपये मंजूर करते आणि प्रत्येक सत्रारंभी १२,५०० डॉलर पाठवते. पहिल्या दोन सत्रांना प्रत्येकी १० लाख रुपये लागतात. दुसऱ्या वर्षी दर ८५ रुपये झाला, तर प्रत्येक सत्राला १०.६२५ लाख रुपये लागतात. एकूण गरज ४१.२५ लाखांची होते. मंजुरी मात्र ४० लाखांचीच असते. उरलेले सव्वा लाख रुपये अखेरच्या सत्रात कुटुंबाला स्वतः उभे करावे लागतात.

परतफेडीच्या टप्प्यात चित्र उलटते. डॉलरमध्ये पगार मिळवणाऱ्यास रुपयाची घसरण लाभदायक ठरते, कारण तोच रुपयांतील हप्ता कमी डॉलरमध्ये भागतो.

परतफेड

आदर्श योजनेनुसार अभ्यासक्रमाचा काळ व त्यापुढील एक वर्ष हप्त्यांना स्थगिती असते. या काळात सरळव्याज आकारले जाते आणि ते न भरल्यास पुढे मुद्दलात मिळवले जाते. वरील उदाहरणात व्याजदर १० टक्के धरल्यास तीन वर्षांत सुमारे ९ लाख रुपये व्याज साठते. ४० लाखांचे कर्ज ४९ लाखांवर जाते आणि दहा वर्षांच्या परतफेडीसाठी मासिक हप्ता सुमारे ६४,८०० रुपये येतो. डॉलरचा दर ८० रुपये असता हा हप्ता ८१० डॉलर होतो, तर ९० रुपये असता ७२० डॉलर.

हा लाभ परदेशातील नोकरी टिकण्यावर अवलंबून असतो. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावरील पदवीधरास शिक्षणोत्तर कामाची परवानगी सामान्यतः १२ महिन्यांची असते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांतील पात्र पदवीधरांना आणखी २४ महिने मिळू शकतात. म्हणजे इतर शाखांच्या पदवीधराचा पहिला हप्ता आणि कामाच्या परवानगीचा शेवट जवळजवळ एकाच सुमारास येतो. अशा वेळी भारतात परतून ८०,००० रुपये पगार मिळाला, तर हप्ता भरल्यावर हाती केवळ १५,२०० रुपये उरतात.

परदेशी संस्थेकडून डॉलरमध्ये विनातारण घेतलेल्या कर्जात घर सुरक्षित राहते, परंतु परतणाऱ्याची जोखीम वाढते. ७६० डॉलरचा हप्ता ८५ च्या दराने ६४,६०० रुपयांचा असतो. दर ९५ झाल्यास तोच ७२,२०० रुपयांचा होतो.

स्थगितीच्या काळातच नोकरी लागल्यास साठलेले व्याज आधी भरणे हितावह ठरते, कारण ते मुद्दलात मिळत नाही. वैयक्तिक, बिगरव्यावसायिक व बदलत्या व्याजदराच्या कर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास बँकेला दंड आकारता येत नाही. संपूर्ण फेडीनंतर मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत घेणे आणि निबंधक कार्यालयातील बोज्याची नोंद रद्द झाल्याची खात्री करणे आवश्यक असते. अन्यथा कर्ज फिटूनही घरावरील बोजा कागदोपत्री कायम राहतो.