सरकारला कर्ज देणारे काका

अर्थसंकल्प झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या इमारतीतले एक निवृत्त काका मला जिन्यातच गाठतात. हातात वर्तमानपत्र, तुटीच्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल. "पंधरा लाख कोटी कमी पडतायत! आम्ही वहीत पै-पैचा हिशेब लिहून संसार केला. अंथरूण पाहून पाय पसरावेत, एवढं कळत नाही यांना?"

एकदा मी त्यांना उलट विचारलं, "काका, तुमचे पैसे कुठे असतात?" बरेचसे बँकेत मुदत ठेवीत, थोडे एलआयसीत. मग त्यांना सांगावं लागलं की सरकारला कर्ज देणाऱ्यांमध्ये तुम्हीही आहात. बँकांना ठेवींच्या साधारण १८ टक्के रक्कम मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावीच लागते. म्हणजे काकांच्या लाखाच्या ठेवीतले अठराएक हजार सरकारकडे गेलेले असतात. आयुर्विम्याच्या पैशातला निम्म्याहून जास्त वाटा केंद्राच्या आणि राज्यांच्या रोख्यांत असतो. काका जिन्यात थबकले ते थबकलेच.

२०२५-२६ चा अर्थसंकल्प घ्या. ठरवलेला खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये, कर्ज सोडून येणारा पैसा ३४.९६ लाख कोटी. मधली १५.६९ लाख कोटींची फट म्हणजे वित्तीय तूट. ती बुजवायला सरकार बँकेच्या मॅनेजरसमोर जाऊन बसत नाही. रिझर्व्ह बँक सरकारच्या वतीने रोख्यांचा लिलाव करते, बहुधा शुक्रवारी. कोणत्या आठवड्यात किती उचलायचे याचं सहामाही वेळापत्रक आधीच जाहीर झालेलं असतं. बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी असे घेणारे संगणकावर बोली लावतात आणि दुपारपर्यंत निकाल लागतो.

एक रोखा जवळून पाहू. एप्रिल २०२४ मध्ये ७.१० टक्के व्याजाचा, २०३४ साली मुदत संपणारा रोखा निघाला. शंभर रुपयांच्या रोख्यावर दर सहा महिन्यांनी ३ रुपये ५५ पैसे मिळतात आणि एप्रिल २०३४ मध्ये शंभर रुपये परत. ते शंभर सरकार कुठून आणणार? बहुतेक वेळा नवा रोखा विकून. २०२५-२६ मध्ये बाजारातून १४.८२ लाख कोटी उचलायचे ठरले होते, पण त्यातले सव्वातीन लाख कोटींहून जास्त जुने रोखे फेडण्यातच जाणार होते. हातात उरणार होते ११.५४ लाख कोटी. तुटीचा उरलेला भाग अल्पबचतीसारख्या वाटांनी भरून निघतो.

याची टोपी त्याच्या डोक्यावर, असं काका म्हणाले. घरात कोणी असं करू लागलं तर ते बुडण्याचं लक्षण, हे खरंच. पण घरात ते बुडण्याचं लक्षण का असतं? कमावणाऱ्याचं वय वाढतं म्हणून. पन्नाशीत वीस वर्षांचं गृहकर्ज मागायला गेलात तर बँक आधी निवृत्तीची तारीख विचारते. मुद्दल कधीतरी शून्यावर यावंच लागतं. सरकार निवृत्त होत नाही. दरवर्षी नवी पिढी कमवायला लागते, कर भरते. त्यामुळे सरकारी कर्ज कधी संपतं, या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. उत्पन्नाच्या मानाने ते वाढतंय की घटतंय, हे पाहायचं.

साधा हिशेब करू. देशाचं वर्षाचं उत्पन्न १००, केंद्राचं कर्ज ५६. पुढच्या वर्षी भाववाढ धरून उत्पन्न ११० झालं आणि सरकारने त्याच्या ४.४ टक्के, म्हणजे ४.८४ नवं कर्ज घेतलं. कर्ज झालं ६०.८४. रक्कम वाढली, पण ११० च्या मानाने ते जेमतेम ५५.३ टक्के. एक पैसाही न फेडता ओझं हलकं झालं. आता उत्पन्न १०५ वरच अडलं असं धरा. तितक्याच टक्के तुटीने कर्ज ५७.७ टक्क्यांवर चढतं. म्हणून तुटीच्या आकड्याभोवती गोल काढण्याआधी शेजारी वाढीचा आकडा शोधावा.

संसार आणि सरकार यांत आणखी एक फरक आहे, तो २०२०-२१ मध्ये उघडा पडला. अंदाज ३.५ टक्के तुटीचा होता, प्रत्यक्षात ती ९.२ टक्के झाली. दुकानं बंद म्हणून कर आटला आणि नेमकं तेव्हाच फुकट धान्य द्यायचं होतं. काकांनी घरी भाजी कमी आणली तर त्यांचं पेन्शन घटत नाही. सरकारने मात्र खर्च आवळला तर कोणाचा तरी धंदा घटतो आणि पुढच्या वर्षीचा करही.

"मग नोटाच छापा की!" हे पुढचं वाक्य ठरलेलंच. हे आपण केलेलं आहे, थोड्या सभ्य रीतीने. १९५५ पासून अशी सोय होती की सरकारची शिल्लक ५० कोटींच्या खाली गेली की रिझर्व्ह बँक आपोआप तात्पुरत्या हुंड्या घेऊन खात्यात पैसे टाकायची. तात्पुरतं ते कायमचं झालं. नवा पैसा आला, बाजारात माल तेवढाच, मग महागाई. १९९७ मध्ये ही सोय बंद झाली आणि २००६ पासून रिझर्व्ह बँकेने सरकारचे रोखे थेट लिलावात घेणंही थांबलं. रुपयातलं कर्ज फेडायला रुपये कमी पडणार नाहीत, पण त्या रुपयाची किंमत राहील का, ही खरी मर्यादा.

आणि पैसे खरोखर संपण्याचा प्रसंग? तो १९९१ चा. तेव्हा कमी पडले ते डॉलर, आणि डॉलर आपल्याला छापता येत नाहीत. मे महिन्यात २० टन सोनं परदेशी बँकेकडे गेलं, जुलैत जवळपास ४७ टन तारण म्हणून विमानाने इंग्लंडला. परकीय चलनाच्या बाबतीत देश अगदी घरासारखा असतो. राज्यांचंही बरंचसं तसंच. महाराष्ट्रालाही नोट छापता येत नाही आणि केंद्राचं जुनं कर्ज शिल्लक असेल तर राज्यघटनेच्या कलम २९३ प्रमाणे नवं घ्यायला केंद्राची परवानगी लागते.

काकांची चिंता मात्र मी उडवून लावत नाही, फक्त ती चुकीच्या आकड्यावर आहे. त्याच अर्थसंकल्पात व्याजाची रक्कम १२.७६ लाख कोटी होती, म्हणजे सरकारच्या महसुलातल्या प्रत्येक रुपयातले सदतीस पैसे. ते शाळा-दवाखान्यांपर्यंत पोचतच नाहीत. आणि तुटीतला साधारण तिसरा हिस्सा रोजच्या खर्चासाठीच होता. रस्ता किंवा रेल्वेमार्ग बांधायला काढलेलं कर्ज पुढे उत्पन्न आणतं. व्याज आणि अनुदानं भागवायला काढलेलं कर्ज ऋण काढून सण करण्यासारखंच, तिथे घराचा आणि सरकारचा नियम एक.

हे सांगितल्यावर काका जरा वेळ गप्प होते. मग वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "पण या ७.१० च्या रोख्यात मला थेट पैसे टाकता येतील का?" येतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये त्यासाठी रिटेल डायरेक्ट नावाची सोय सुरू केली, दहा हजारांपासून. ठेवीपेक्षा पाव-अर्धा टक्का जास्त सुटतो का, याचा हिशेब ते आता त्याच वहीत करतायत.